रद्द, पाहा एकतीस

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सोलापूरच्या एका कापड गिरणीत मी प्रोग्रॅमर म्हणून लागले. गणितात पदवी घेतलेली, पुण्यात सहा महिने कोबोल ही काँप्युटरची भाषा शिकलेली. गिरणीने भाड्याने आणलेला काँप्युटर एका थंड खोलीत होता, आणि शेजारच्या खोलीत कार्डं पंच करायची, म्हणजे भोकं पाडून त्यांवर माहिती नोंदवायची यंत्रं. काम असं होतं की हजारो कामगारांची हजेरी, पाळ्या आणि रजा यांची नोंद टाइम ऑफिसच्या जाडजूड पुस्तकांतून काढून काँप्युटरवर आणायची.

आमचे साहेब रोज सकाळी साडेआठला पंचिंगच्या खोलीत सगळ्यांना उभं करायचे. काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच दहा मिनिटांत सांगायचं. खुर्च्या दिल्या तर तास जातो, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी मात्र बसून बैठक व्हायची. तिथं पुढच्या आठवड्याचं काम ठरायचं.

त्या उभ्या सभेत टाइम ऑफिसच्या एक बाई असायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, माहेर मंद्रूपकडचं, घरात कानडी, ऑफिसात मराठी. गिरणीत खरोखर काय चालतं ते आम्हाला सांगायला त्यांना पाठवलं होतं. काँप्युटरचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण जो जे बोलेल ते त्या वहीत लिहून घ्यायच्या. चार महिन्यांत तीन वह्या भरल्या.

एका सकाळी साहेबांनी मला विचारलं, "तिसऱ्या पाळीची हजेरी कुठल्या तारखेला धरायची? आत आल्याच्या की बाहेर गेल्याच्या?"

तिसरी पाळी रात्री सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी संपते. मी म्हणाले, "ठरलंय की, बाहेर गेल्याच्या." माझा सहकारी म्हणाला, "छे, आत आल्याच्या." आम्ही दोघांनी आपापल्या समजुतीप्रमाणे प्रोग्रॅम लिहिलेही होते.

बाईंनी वह्या चाळल्या. विषय पाच वेळा निघाला होता. दोनदा एक बोलणं झालेलं, तीनदा दुसरं. त्या म्हणाल्या, "साहेब, ह्यात बोलणं लई आहे. ठरलेलं काय, ते कुठंच नाही."

साहेबांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही काढाल का निवडून?"

दोन आठवडे त्या दुपारचा डबा झाला की वह्या घेऊन बसत. एका नव्या रजिस्टरात त्यांनी रकाने आखले: क्रमांक, तारीख, प्रश्न काय होता, काय ठरलं, का ठरलं, दुसरा कुठला मार्ग सोडला आणि तो का, कोण हजर होतं. शेवटचा रकाना रिकामा ठेवला. पुढं निर्णय बदलला तर तिथं नव्या निर्णयाचा क्रमांक यायचा होता.

रोज सकाळी त्या दोन-तीन नोंदी वाचून दाखवत आणि विचारत, "हे आपण ठरवलं का?" कुणी घुटमळलं की नोंदीपुढं पेन्सिलीने 'ठरलेलं नाही' असं लिहीत. आम्हाला वाटत होतं, बहुतेक सगळं ठरलंय. निम्म्याहून अधिक नोंदी पेन्सिलीच्याच निघाल्या. मला शरम वाटली. बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिसऱ्या पाळीचा निर्णय त्यांनी सोमवारी करून घेतला. त्या म्हणाल्या, "शनिवारी रात्री आत आलेला माणूस रविवारी सकाळी सुटतो. बाहेर गेल्याची तारीख धरली तर तो सुट्टीच्या दिवशी कामावर दिसेल, आणि सोमवारी रात्री येऊनही सोमवारी गैरहजर. त्याला कोण समजावणार?" माझा मार्ग रद्द झाला. नोंदीत त्यांनी लिहिलं: 'बाहेर गेल्याची तारीख धरल्यास प्रोग्रॅम सोपा होतो, हे खरे, पण हजेरी खोटी दिसते.' माझं म्हणणं हरलं, तरी त्यातलं खरं त्यांनी सोडलं नाही. प्रोग्रॅम बदलताना मला त्याचा राग आला नाही, तो ह्यामुळे.

नववा निर्णय बाईंच्याच सांगण्यावरून झाला होता: कामगाराचा तिकीट नंबर हीच त्याची ओळख, कारण एकाचा नंबर दुसऱ्याला दिला जात नाही. त्यावर आमची सगळी मूळ कार्डं, दर कामगाराचं एक, उभी होती.

चाचणीसाठी विणकाम खात्याची यादी छापली, तेव्हा तिथले जॉबर ती पाहायला आले. जॉबर म्हणजे मागांवरच्या लोकांचा मुकादम. यादीवर बोट ठेवून ते म्हणाले, "बाई, ह्यो माजाच नंबर हाय. पन हितं माजी भरती बारा वर्सं आदीची दावलीय. तवा ह्यो नंबर दुसऱ्याचा व्हता. त्यो गेला, मंग मला मिळाला."

"असं तुमच्या एकट्याचंच झालंय का?" बाईंनी विचारलं.

"न्हाय ओ. बदलीवाल्यांचं, दुसऱ्याच्या जागी येनाऱ्यांचं, तर एका वर्सात दोनदा बी हुतंय."

बाईंचा चेहरा उतरला. त्या तशाच विणकाम खात्यात गेल्या, जुनी पुस्तकं काढली आणि संध्याकाळी परत येऊन साहेबांना म्हणाल्या, "नऊ नंबरचा निर्णय चुकला. मी चुकीचं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसचे प्रमुख, म्हणजे बाईंचे वरिष्ठ, आमच्याकडे आले. सोमवारच्या बैठकीला गिरणीचे मॅनेजर येणार होते. प्रमुख बाईंना म्हणाले, "ते पान काढा आणि नवं लिहा. पहिल्यापासून बरोबर होतं असं दिसू द्या. आपल्या ऑफिसची चूक चारचौघांत कशाला?"

बाई उभ्याच होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "साहेब, पान काढलं तर उद्या कुणी विचारेल, ही कार्डं अशी का केली होती? त्याला उत्तर मिळणार नाही. आणि ऑफिसची नाही, चूक माझी आहे. तसंच लिहिते."

"तुम्हाला परत टाइम ऑफिसात यायचंय, हे ध्यानात ठेवा."

"ठेवलंय, साहेब."

ते गेल्यावर त्यांनी नवव्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'रद्द, पाहा ३१.' वरचं एक अक्षर खोडलं नाही. तोवर तीस निर्णय झाले होते; एकतिसावा सोमवारी व्हायचा होता.

एकतिसाव्या निर्णयावर सोमवारी बराच वेळ गेला. भरतीचं वर्ष नंबराला जोडू, असं मी सुचवलं. बाईंनी जॉबरच्या बोलण्याची आठवण करून दिली: एका वर्षात दोनदा नंबर फिरतो, म्हणजे वर्ष पुरणार नाही. शेवटी नंबराच्या मागं दोन अंक ठरले: पहिला धारक ०१, दुसरा ०२. पण कार्डाला रकाने ऐंशीच, एकात एकच अक्षर, आणि सगळे भरलेले. दोन रकाने नावातून घ्यावे लागले. विणकरांची लांबलचक तेलुगू नावं शेवटी तुटणार होती. बाईंनी तेही लिहिलं: 'नावे तुटतील. ओळख नंबरावरून पटवावी, नावावरून नाही.' आणि खाली: 'माहिती विणकाम खात्याच्या जॉबरनी दिली. टाइम ऑफिसतर्फे आधी दिलेली माहिती माझी, ती चुकीची होती.'

मॅनेजरांनी दोन्ही नोंदी शांतपणे वाचल्या आणि टाइम ऑफिसच्या प्रमुखांकडे पाहून म्हणाले, "असं लिहिणारं माणूस तुमच्याकडे आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं." प्रमुखांनी बाईंना पुढं त्रास दिला नाही, पण त्यांच्याशी नीट बोलायलाही बरेच महिने लावले. बाईंनी ते सोसलं.

मूळ कार्डं पुन्हा पंच करण्यात आमचे सहा आठवडे गेले. त्या दिवसांत मी अनेकदा वैतागले. बाई रोज साडेआठला येऊन उभ्या राहत आणि किती गठ्ठे तपासून झाले ते सांगत.

दोन-तीन वर्षांनी मुंबईहून एक नवा प्रोग्रॅमर आला. दोन रकाने फुकट का घालवलेत, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. मी रजिस्टर त्याच्या पुढ्यात ठेवलं. दुपारभर वाचून तो आला आणि म्हणाला, "मी हेच सगळं बदलायला निघालो होतो." पुढं गिरणीने नवा काँप्युटर घेतला, तेव्हा आमचे सगळे प्रोग्रॅम टाकून दिले गेले, माझेही. नवे लिहायला बसलेल्यांनी आधी मागितलं ते बाईंचं रजिस्टर. तोवर निर्णय शंभरावर गेले होते, आणि ते लिहून ठेवायला प्रमुखांनी स्वतःहून बाईंना एक वेगळं टेबल दिलं होतं.