भाषणाने खाल्लेली सकाळ

यागोदा कार्यशाळा आखते, म्हणजे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवते, काढते, पुन्हा चिकटवते आणि आठवडाभर माझं डोकं खाते. तिची मदतनीस म्हणून मी पुरती कंटाळले आहे.

या वेळी आमच्या बेटावरची दोन गावं होती. दोन्हीकडे आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक, पण पाण्याचा टँकर दोघांत एकच. मागच्या उन्हाळ्यात डोंगर पेटला तेव्हा टँकर कोणी न्यायचा यावर पथकं फोनवर भांडत बसली आणि शिमेकाकांचं घर जळालं. आता उन्हाळा पुन्हा तोंडावर आला होता आणि नियम ठरवायला दोनच दिवस होते.

यागोदाची आखणी सरळ होती. पहिल्या सकाळी डोकी ताजी असतात, तेव्हा शिमेकाकांनी बोलायचं. जेवणानंतर डोळे जड होतात, म्हणून सगळ्यांनी उभं राहून जमिनीवरच्या नकाशावर रस्ते आखायचे. निर्णय दुसऱ्या सकाळी, रात्रभर विचार मुरल्यावर. शेवटच्या दुपारी फक्त कामं वाटायची, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष परतीच्या बोटीकडे.

पण जिल्ह्याचे प्रमुख ल्युबोमिरसाहेब स्वागताला उठले ते बसेचनात. त्यांच्यामागून दोन्ही सरपंच. तेवढ्यात मारेंदाची, म्हणजे आमच्या उशिराच्या न्याहारीची, वेळ झाली. खारवलेले मासे आणि पाव समोर आले की आमच्याकडे देवासाठीही कोणी थांबत नाही.

"म्हातारा जेवणानंतर बोलेल की," साहेब म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"जेवणानंतर तुम्ही बोला, साहेब. पाण्याच्या पाइपांवर काय ते बोला," यागोदा म्हणाली.

साहेब खूश. अर्ध्या तासात अख्खं सभागृह पेंगत होतं आणि त्यांचा स्वतःचा उपप्रमुख घोरत होता. नकाशा कॉफीनंतर घ्यावा लागला. मी चिडून म्हणाले, "अगं, सगळं विस्कटलं की!"

"विस्कटू दे. त्यांची पेंगायची वेळ वाया गेली, काकांचे शब्द नाही गेले." तिने काकांची चिठ्ठी दुसऱ्या सकाळी सगळ्यात वर लावली, त्याखाली छोटी सुटी आणि मग निर्णय. "रडून लगेच कोणी नीट ठरवत नाही," म्हणाली. त्या जागी आधी लावलेली पहिल्या दिवसाच्या उजळणीची चिठ्ठी तिने फाडून टाकली.

सकाळी काका बोलले. दोन्ही पथकप्रमुख खाली मान घालून ऐकत होते. सुटीत ते बाहेर एकाच बाकावर जाऊन बसले. मारेंदाच्या आत ठरलंसुद्धा: टँकर मधल्या फाट्यावर राहील, पहिला फोन जिकडून येईल तिकडे निघेल, कोणाला विचारायचं नाही.

"माझ्या भाषणाचा दुसरा भाग कधी?" साहेबांनी विचारलं.

"शेवटच्या दुपारी," यागोदा म्हणाली. त्या वेळी सभागृहात कोण उरतं, हे मला ठाऊक होतं.

शिमेकाका भिंतीवर लिहिलेला नियम वाचत उभे होते.

"एवढंच होतं?" ते म्हणाले. "एवढं ठरवायला माझं घर जावं लागलं?"

यागोदाने नेहमीसारखी चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली होती, तिचा हात थांबला. तो नियम तिने भिंतीवर तसाच राहू दिला.