आधी सोनं सोडवलं

पनवेलच्या शाखेत कर्जवसुलीचं टेबल माझ्याकडे आलं, तेव्हापासून मला माणसांचा राग यायला लागला. बुडवणाऱ्यांचा कमी, भाबड्यांचा जास्त.

खांदा कॉलनीतली ती बाई माझ्याच वयाची. नवरा जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. अचानक गेला आणि घराचे हप्ते थांबले. तिच्या मुदत ठेवीवर आमचा लिन होता, म्हणजे ठेव तिच्या नावावर, पण बँकेला विचारल्याशिवाय मोडता येत नाही. ती आम्ही थकबाकीत वळती केली, तरी पुरली नाही. मग तिला दोन नोटिसा गेल्या. एक घराची आणि दुसरी, तिने वेगळं कर्ज काढून तारण ठेवलेल्या दागिन्यांच्या लिलावाची.

ती भावाकडून पैसे घेऊन आली. दोन्हींपैकी एकच सुटेल, एवढेच.

"ताई, आधी घर," मी म्हटलं. "थकलेले हप्ते भरा, बँक कारवाई थांबवेल."

"घर कुठं पळून जातंय, मॅडम? किल्ली माझ्याकडे आहे. सोनं मात्र तुमच्या तिजोरीत. मुलीच्या लग्नाचं आहे ते."

"सोनं तारण आहे, म्हणून ते आमच्या ताब्यात. घर गहाण आहे. तुम्ही त्यात राहता, पण घराचे मूळ कागद आमच्याकडे ठेवलेत तेव्हाच त्यातला हक्क बँकेला गेला. कोर्टात न जाताही बँक ते विकू शकते."

"सोसायटीचाही बोजा आहेच की घरावर, मेंटेनन्स थकलाय म्हणून. सेक्रेटरी नुसता ओरडतो. बाहेर कोण काढतंय?"

मी कपाळावर हात मारला. सोसायटीचा हक्क एवढाच, की घर विकलं तर आपली बाकी त्यातून मागायची. घरात सोसायटीचा वाटा नाही, कागद सोसायटीकडे नाहीत. तीच पट्टी ही बाई बँकेला लावत होती. "मग सोनं सोडवा आणि विकून हप्ते भरा!" मी जवळजवळ ओरडलेच. तिने सोनं सोडवलं, पदराखाली धरून घेऊन गेली. विकलं नाही.

पुढे बरेच महिने गेले. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला आणि आम्ही पोलिसांसह तिच्या दारात उभे राहिलो. भांडी, गाद्या, शिलाई मशीन जिन्यात आलं. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दाराला सील लागताना तिने दागिन्यांचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. "हे घ्या. आता विकते. हप्ते भरते."

"ताई, आता हप्ते नाही चालत. अख्खं कर्ज भरावं लागतं."

तिची मुलगी पुढे आली आणि आईच्या हातातला डबा बंद करत म्हणाली, "मी सांगितलं होतं, मला नको म्हणून."