द्या इकडे

परदेशी वॉशिंग मशीनची जाहिरात मराठीत यायची होती आणि तिची मुख्य ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. इंग्रजी ओळ चारच शब्दांची होती. तिचा भाव असा, की दमलेल्या बाईला कुणीतरी जवळचं म्हणतंय, आता बस, पुढचं मी करते. नागपुरात मिहानमधल्या ज्या एजन्सीकडून मला कामं येतात, तिथल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की या खेपेला ओळ जमली नाही, तर मराठी होर्डिंगवर इंग्रजीच ओळ देवनागरीत छापतील. वीस वर्षं हेच करते आहे मी. माझ्या डोळ्यांदेखत असं होर्डिंग लागणार, या विचारानंच माझं डोकं फिरलं होतं.

आमच्या कामाची एक रीत आहे. तीन ओळी द्यायच्या, प्रत्येकीखाली तिचा परत इंग्रजीत केलेला शब्दशः अर्थ, म्हणजे आमच्या भाषेत उलटा अर्थ, लिहायचा आणि हीच ओळ का, ते दोन वाक्यांत सांगायचं. मराठी न कळणारा कंपनीचा साहेब तो उलटा अर्थ वाचूनच पसंती देतो. माझ्या तिन्ही ओळी त्याला फार आवडल्या. 'तुमचे कष्ट आता आमचे' ही तर त्यानं सर्वांत वर ठेवली. मी दोन दिवस हवेत होते.

छापण्याआधी ओळी बायकांना ऐकवायच्या होत्या. म्हणून एजन्सीच्या बाईंसोबत भिवापूरला गेले. एका शेडमध्ये सात-आठ जणी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. ठसक्यानं आमच्या डोळ्यांना धारा लागल्या, त्यांना काही नाही. मी जमेल तितक्या गोड आवाजात ओळी वाचल्या. त्या भल्या बायका, माना डोलावून "बरं हाय" म्हणाल्या. मग एकीनं अगदी मनापासून विचारलं, "हे निवडणुकीचं हाय का जी?"

मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता. माझी चूक मला तिथंच कळली. मी त्या उलट्या अर्थासाठी लिहीत होते. इंग्रजीत छान वाचलं जाईल असं मराठी मी तयार केलं होतं, आणि ते माझ्या देशातल्या कुठल्याच बाईनं कुणाला कधी म्हटलेलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या घरातली म्हातारी ओल्या कपड्यांचं घमेलं कमरेवर घेऊन अंगणातून चालली होती. कामावरची एक तरुण बाई उठली. "द्या इकडे," एवढंच म्हणाली, घमेलं घेतलं, दोरीपाशी नेऊन ठेवलं आणि परत येऊन बसली. दमलात का, बसा जरा, मी करते, यातलं एक अक्षर नाही. म्हातारीनंही आभार मानले नाहीत. ती नुसती मोकळ्या हातांनी उभी राहिली.

मी त्या तरुणीला विचारलं, त्या दमल्यात हे कसं कळलं? तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "पुसाचं काय हाय त्याच्यात? दिसते ना."

मी थक्क झाले. आपल्याकडे कुणी बाईला आराम कर म्हणत नाही, तिच्या हातातलं काढून घेतात. मीही हे शेकडो वेळा केलं असेल, आणि कागदावर मात्र ते मला कधी दिसलं नव्हतं.

'द्या इकडे' हीच ओळ मी पाठवली. उलटा अर्थ प्रामाणिकपणे तसाच लिहिला, आणि इंग्रजीत तो हुकूम वाटतो हेही लिहिलं. खाली कारण म्हणून ते घमेलं, ती म्हातारी. साहेबाचं उत्तर आलं, की हे उद्धट वाटतंय, पण बायकांनी मान्य केलं तर ठीक. एजन्सीनं ओळ कोल्हापूर आणि जळगावलाही ऐकवली, कारण ती आमच्या विदर्भापुरती चालून उपयोग नव्हता. तिकडून होकार आले. भिवापूर राहिलं होतं. तिथं मी स्वतः गेले.

आदल्या खेपेला नसलेली एक वयस्क बाई शेडच्या दाराशी सुपात मिरच्या घेऊन पाखडत होती. तिची बोटं मिरचीनं लालभडक झाली होती. मी सुरुवात बरीच लांबवली असावी, कारण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. शेवटी मी तिच्यासमोर उभी राहिले आणि काहीही न समजावता ओळ म्हटली, "द्या इकडे."

तिनं वरही पाहिलं नाही. भरलेलं सूप माझ्या हातात दिलं आणि पाठ टेकून, डोळे मिटून बसली.

ही जाहिरात आहे हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी खाली बसले आणि पाखडायला लागले.