उलटीकडून उघडलेलं पुस्तक

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना तिने अंबडच्या वाचनालयातल्या मासिकाचं पान टरकावलं. रागाने नव्हे, प्रेमाने. पानावर मोर होता आणि तिला तो घरी न्यायचा होता.

वाचनालय म्हणजे बाजारातली एक खोली. ते सांभाळणारे मारवाडी गृहस्थ स्वभावाने गरीब, पण पुस्तकाच्या बाबतीत जमदग्नी. म्हणाले, "वहिनी, पोरगी पुस्तक बराबर धरायला शिकली की आणा, मी सोता बघंन. मंग पान फाटलं तर न्हाई म्हंजे न्हाई." आता लेक मला सोडून घडीभर घरी राहायची नाही, गल्ली डोक्यावर घ्यायची. म्हणजे तिला बंदी ती मलाच बंदी. आठवड्याला एक पुस्तक हे माझं एकुलतं एक व्यसन होतं. जीव कासावीस झाला.

मी माझ्या परीने शिकवलं. "पुस्तक म्हणजे सरस्वती, पाया पड," असं सांगितलं. ती भक्तिभावाने नमस्कार करायची आणि मग पान ओढायची. दोन धपाटे दिले, तर तिने तेच दोन धपाटे पुस्तकाला दिले.

शेवटी मामंजी म्हणाले, "सूनबाई, तू भाकरी बघ. पोरगी माझ्याकडं दे." माझे सासरे कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. निजामाच्या अमलात सगळं शिक्षण उर्दूत, त्यामुळे त्यांच्या कपाटात नुसती उर्दू पुस्तकं. राज्य गेलं, कोर्टातली उर्दूही हळूहळू गेली, आणि घरात ती कुणालाच वाचता येईनात. "माझ्यामागं रद्दीच हाये," असं ते हसत म्हणायचे. मी माझं वाचनालयाचं पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेवायची. त्यांच्या कपाटाला हात लावायची माझी छाती नव्हती.

चुलीपाशी मला दिसायचं काही नाही, फक्त ऐकू यायचं.

"हात धू. पूस. वल्ला हात न्हाई लावायचा. बोटाला थुंकी न्हाई लावायची, आपण काय पानाला चाटून राह्यलो का? वरचा कोपरा धर. खाली हात सरकव. आता आहिस्ता."

"आहिस्ता," लेक म्हणायची.

"फळीवरून काढताना पुस्तकाच्या डोक्यात बोट घालून वढायचं न्हाई, पाठ उसवती. शेजारची दोन आत ढकल, मंग मधल्याची कंबर धर. ठेवताना आधी हातानं जागा कर, मंग आत सार. आहिस्ता."

"आहिस्ता!"

महिनाभर हेच. एकही पान फाटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी देवाला दिवा लावून निघाले. वाचनालयात चारपाच जण वर्तमानपत्रं वाचत होते. मारवाडी भाऊंनी फळीकडे बोट केलं. लेकीने दोन पुस्तकं आत ढकलली, मधलं कंबर धरून काढलं, हात फ्रॉकला पुसले आणि बैठक मारली. माझी मान ताठ झाली. मग तिने पुस्तक पालथं केलं आणि मागून उघडलं. डावीकडचा वरचा कोपरा धरला, खाली हात सरकवला आणि मोठ्याने म्हणाली, "आहिस्ता!"

सगळी वर्तमानपत्रं खाली आली. दुसरं पान. "आहिस्ता!" शेवटाकडून सुरुवातीकडे पोरगी निघाली होती. महिनाभर आजोबांनी उर्दू पुस्तकावर शिकवलं होतं, आणि उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"भाऊ, चुकलं तिचं," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी हातानेच मला गप्प केलं. लेकीने पहिल्या पानापर्यंत येऊन पुस्तक मिटलं, फळीवर तळव्याने जागा केली आणि सारलं. भाऊ खो खो हसत सुटले. "अवो, कुठं चुकलं? आम्हीबी निजामाच्या शाळेत असंच शिकल्तो! बेटी, ये रोज. तुझ्या आईलाबी घेऊन ये."

घरी येऊन सगळं सांगितलं. मामंजी डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग एकदम थांबले. "म्हंजे माझी पुस्तकं चुकीच्या बाजूनं उघडतेत म्हण की."

मला वाईट वाटलं. लेक मात्र त्यांच्या मांडीवर चढली. "आबा, तुमचं हिकडून, आईचं तिकडून. दोन्ही आहिस्ता."

मामंजींनी तिला खाली ठेवलं आणि कपाटाकडे गेले. आपली पुस्तकं तळव्याने डावीकडे सरकवून त्यांनी चार बोटं जागा केली.

"सूनबाई," ते म्हणाले, "पिठाच्या डब्यामागं पुस्तकाला कीड लागती. तुझं हितं ठेव."