बारीक अक्षरातली ओळ

बोरीतल्या बायका बँकेत जायला जितक्या बिचकायच्या, तितक्या विजयमालाकडे जायला बिचकत नसत. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत एक टेबल, अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन ती सहा वर्षं बसत होती. बचत गटातून तिची बँक सखी म्हणून निवड झाली, तेव्हा सासरे म्हणाले होते, "बारावी शिकलेली बाई लोकांचे पैसे हाताळणार? उद्या दहा रुपये कमी पडले तर घराचं नाक जाईल." दहा रुपये कधी कमी पडले नाहीत. उलट कुणाच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला की माणूस तो न वाचताच तिच्याकडे आणायचा. "ताई, ह्यात काय लिवलंय बगा." ती वाचायची, सांगायची, आणि तिनं सांगितलेलं खरं असायचं. मनातल्या मनात तिला त्याचा अभिमान होता. तो जरा जास्तच झाला होता, असं तिला नंतर वाटू लागलं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला खोलीबाहेर एकदम गलका झाला. पुढं कडूबाई, तिच्या हातात पासबुक. मागं तिच्या बहिणीचा मुलगा महारुद्र, आणि त्यानं दंडाला धरून आणलेला साठीतला एक माणूस. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात मोबाईल. त्यांच्यामागं दहा-बारा बघे.

"ताई, हा माणूस बगा," महारुद्र म्हणाला. "पिंगळीचा हाय म्हणतो. मावशीच्या दोन शेळ्या पिलांसकट घेतल्या, बावीस हजार पाचशाला. मोबाईलवर पैसे टाकतो म्हणला. आन् आता फोटो दाखवून म्हणतो, माझे पैसे गेले. मावशीच्या खात्यात तर काईच न्हाई. असले फोटो दाखवून फसवणारे लय निघालेत."

"आश्रुबा म्हणतेत मला," म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला. "मी पळालो न्हाई, ताई. शेळ्या जागीच बांधून हायेत. पण माझ्या खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आलाय. दुबारा कुटून देऊ?"

कडूबाई खाली बसली. ती शेळ्या राखून आणि रोजानं जाऊन जगणारी बाई. आवाज न चढवता ती एवढंच म्हणाली, "माझे पैसे हायेत का बुडाले, तेवढं सांग, बाई."

विजयमालानं मोबाईल घेतला. आश्रुबाची पोरगी निकिता हिनं त्याला शिकवून ठेवलं होतं की पैसे पाठवले की स्क्रीनचा फोटो काढत जा, पडले तरी आणि नाही पडले तरी. म्हणून तो स्क्रीनशॉट होता. विजयमाला सवयीनं वरून खाली वाचत गेली. वर लाल गोलात फुली. 'पेमेंट फेल्ड'. रक्कम बरोबर. तारीख आजची, वेळ दहा बेचाळीस. कडूबाईकडे साधा फोन, म्हणून आश्रुबानं पासबुकावरून खाते क्रमांक टाकून पैसे पाठवले होते. शेवटचे चार आकडे तिनं पासबुकाशी ताडून पाहिले, जुळले. नाव कडूबाईचंच. खाली व्यवहाराची ओळख पटवणारा बारा आकडी यूटीआर नंबर. मेसेजमध्ये पैसे कापल्याची नोंद, आणि तिथंही तोच नंबर. म्हणजे फोटो बनावट वाटत नव्हता. पैसे म्हाताऱ्याच्या बँकेतून निघाले होते, पण पलीकडे पोचले नव्हते.

मग तिची नजर अगदी खालच्या, करड्या रंगातल्या बारीक इंग्रजी ओळीवर गेली. पैसे घेणाऱ्याचं खातं गोठवलेलं असल्यानं व्यवहार झाला नाही, असं तिथं लिहिलं होतं.

विजयमालानं ती ओळ पुन्हा वाचली.

कडूबाईचं खातं कशानं गोठलं, हे तिला ठाऊक होतं. बँकेनं केवायसी राहिलेल्यांची यादी दिली होती, महिनाअखेरपर्यंत कागदपत्रं आली नाहीत तर खाती थांबतील असं बजावलं होतं. कडूबाईनं तर यादी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स आणून, फॉर्मवर अंगठा उठवून दिला होता. तो फॉर्म विजयमालाच्या टेबलाच्या खणात, लग्नाच्या पत्रिकांखाली, एकोणीस दिवस पडून होता. भाचीच्या लग्नाच्या गडबडीत तो बँकेत द्यायचा राहून गेला. पुढं महिना संपला तरी तिला आठवला नाही.

"काय लिवलंय, ताई?" महारुद्रानं विचारलं.

"पैसे सुरक्षित हायेत," ती म्हणाली. "मावशीकडं आले न्हाईत. ह्या मामाच्या खात्यात आपोआप परत जातील, उद्यापर्यंत."

"मग पोचले काऊन न्हाईत?"

आता सांगायचं होतं. दारात दहा-बारा माणसं उभी होती. ग्रामपंचायतीचा शिपाईही डोकावत होता. विजयमालाच्या तोंडून निघालं, "काही तरी अडचण असती. सर्व्हरची."

"का यानं मुद्दाम नंबर चुकवला?" महारुद्र म्हणाला.

नंबर जुळतोय, हे विजयमालानं नुकतंच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढंच बोलली असती तरी म्हातारा सुटला असता. पण नंबर बरोबर म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता. ती पासबुकाची पानं उलटत राहिली. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लोकांनी आपापल्या मनानं लावला.

आश्रुबा तिच्याकडे पाहत होता. "ताई, तुमी वाचलंय नव्हं सगळं? सांगा की ह्यांना. मी बेइमान माणूस न्हाई."

"उद्यापर्यंत पैसे परत येतील," ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मग उद्यापर्यंत गाडी इथंच ऱ्हाऊ दे," म्हणत महारुद्रानं त्याच्या मोटरसायकलची चावी काढून घेतली. आश्रुबानं विरोध केला नाही. डोक्याचा रुमाल काढून त्यानं तोंड पुसलं आणि एसटी थांब्याकडे चालू लागला. चालताना तो कुणाकडेही बघत नव्हता. खोलीच्या खिडकीतून विजयमालाला तो बराच वेळ थांब्यावर बसलेला दिसत होता. तिनं खिडकी लावून घेतली.

जेवण काही तिला गेलं नाही. दोन वाजता खोली बंद करून, फॉर्म पिशवीत घालून ती बँकेच्या शाखेत गेली. तिथल्या अधिकारी अर्पिता मॅडम वयानं तिच्याहून लहान, पण कामाला चोख. आश्रुबा थांब्याकडे निघण्याआधीच विजयमालानं त्याचा नंबर आणि तो स्क्रीनशॉट आपल्या मोबाईलवर घेतला होता. तो तिनं पुढं केला.

"कडूबाईच्या नावानं तक्रार लिहून घ्या, मॅडम."

अर्पिता मॅडमनी खातं उघडून पाहिलं. "यांच्याकडं पैसे आलेलेच नाहीत. गेलेत पाठवणाऱ्याचे. तक्रार त्यांनी करायची, त्यांच्या बँकेत, नाहीतर त्याच ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन. कडूबाईंची तक्रार आमच्याकडं घेऊन काही उपयोग नाही."

"त्यांनी काय सांगायचं?"

"साधं सांगायचं. अमुक तारखेला, इतक्या वाजता, इतकी रक्कम कापली, समोरच्याला पोचली नाही, हा यूटीआर नंबर, हे माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे. पैसे परत हवेत. एवढंच. पिन नाही, ओटीपी नाही, कुणी मागितला तरी नाही. आणि इंटरनेटवर हेल्पलाईनचा नंबर शोधून फोन करू नका म्हणावं, तिथं चोरच बसलेले असतात. पासबुकाच्या मागं छापलेला नंबर लावायचा. पैसे उद्याच्या दिवसात परत यायला पाहिजेत. नाही आले तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेला द्यावी लागते. आणि फोटोवर विसंबू नका. परत आले का, ते खात्यात बघायचं." मग त्या थांबल्या. "पण हे खातं केवायसीपायी गोठलंय. यांनी कागदपत्रं दिली नव्हती का?"

विजयमालानं पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. अंगठ्याखालची तारीख स्पष्ट दिसत होती.

"एकोणीस दिवस माझ्याकडंच होता, मॅडम."

अर्पिता मॅडम रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फॉर्म उचलला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "खातं सुरू व्हायला एक-दोन दिवस लागतील. त्या पाठवणाऱ्यांना कुणी त्रास तर नाही ना दिला?"

विजयमाला "नाही" म्हणणार होती. मग तिची नजर शिक्का मारलेल्या फॉर्मवर गेली. "दिला," ती म्हणाली. "माझ्यासमोर दिला."

बाहेर पायरीवर उभं राहूनच तिनं आश्रुबाच्या नंबरवर फोन लावला. निकितानं उचलला. ती चिडलेली होती. बाबा आल्यापासून पाणीसुद्धा प्यायले नाहीत म्हणाली. ती आताच गुगलवर सापडलेल्या एका नंबरवर फोन करणार होती. "नको, बाळा, तो करू नको," म्हणत विजयमालानं तिला सगळं सविस्तर सांगितलं. निकितानं लिहून घेतलं. मग विजयमाला म्हणाली, "आन् अजून एक ऐक. तुझ्या बाबांची काई चूक न्हाई. चूक माझी हाय." "मग सकाळी का नाही सांगितलं?" निकितानं विचारलं.

घरी न जाता ती कडूबाईच्या वस्तीवर गेली. महारुद्र तिथंच गोठ्याजवळ होता, शेजारच्या बायकाही होत्या. विजयमालानं त्यांना बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं: मावशी, तुझं खातं माझ्या हलगर्जीपणानं बंद पडलं. ते फोटोवर लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि लपवलं.

महारुद्राचं तोंड उतरलं. "आन् म्या त्या म्हाताऱ्याला दंडाला धरून फिरवलं," तो पुटपुटला. कडूबाई बराच वेळ शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, बाई. म्हणून तर तुज्याकडं येतो आमी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. विजयमालाला वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकिताचा फोन आला. तक्रार घातली होती, आणि तासाभरापूर्वी रक्कम खात्यात परत आली होती. बॅलन्स तपासून खात्री केली होती. संध्याकाळी महारुद्र आश्रुबाची मोटरसायकल घेऊन पिंगळीला निघाला. विजयमाला त्याच्यामागं बसून गेली.

आश्रुबा ओट्यावर बसला होता. महारुद्रानं चावी त्याच्या हातात दिली आणि पाया पडला. विजयमालाही वाकली. "मामा, माफ करा. मला भीती वाटली लोकांची."

"लोक तर माज्याबी भवती उभे होते की, ताई," आश्रुबा म्हणाला. त्यानं निकिताला चहा ठेवायला सांगितला. आलेल्या माणसाला तसं कसं पाठवायचं. शेळ्यांचा विषय महारुद्रानं काढला. मावशीनं त्या दुसऱ्या कुणाला दिलेल्या नाहीत, भावही तोच, म्हणाला.

"जनावरं चांगली हायेत," आश्रुबानं मान हलवली. "जावयाला पाठवतो. नगद देईल." मग तो म्हणाला, "मी सोता येणार न्हाई बोरीला. राग न्हाई, ताई. पण त्या रस्त्यावरनं मला चालवणार न्हाई."

विजयमालानं कपातला चहा कसाबसा संपवला. परतीला दोघंही एसटीनं आले. खिडकीबाहेर बघत महारुद्र मध्येच म्हणाला, "ताई, तुमी तरी सांगितलं. न सांगता भागलं असतं." तिला आठवत होता तो रुमालानं तोंड पुसणारा माणूस, आणि आपण लावून घेतलेली खिडकी.