खिशातल्या भिंती

बाणेरच्या पुढे तेव्हा सगळी शेतंच होती, आणि त्या शेतांत एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस उभं राहत होतं. त्या साइटवर मी हजेरी आणि प्रगतीचा तक्ता सांभाळायचे. सिव्हिलचा डिप्लोमा, सदाशिव पेठेतून रोज स्कूटीवर जाणं-येणं, आणि जिभेला धार. धार आजही आहे, स्कूटी गेली.

माझ्याआधी साइटवर दोन कागद असायचे आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसायची. सकाळी आठला मस्टर भरायचं: गवंडी किती, बिगारी किती, बायका किती, कोण कुठल्या कामावर. ते शनिवारी पगारासाठी अकाउंट्सला जायचं. संध्याकाळी सुपरवायझर दिवसभरात किती वीटकाम झालं, किती प्लास्टर झालं ते लिहून द्यायचे. ते इंजिनियरच्या फायलीत जायचं आणि तिथेच पडून राहायचं. मग हेड ऑफिसला नवे साहेब आले. त्यांनी मला कॉम्प्युटर दिला आणि सांगितलं, आठवड्याला दोन्ही एकत्र दाखवा. ठरलेलं काम किती, झालं किती. झालेल्या कामाला बजेटमधला मजुरीचा दर लावला तर किती खर्च व्हायला हवा होता आणि मस्टरप्रमाणे प्रत्यक्षात किती झाला. खर्च बजेटच्या आत असला की रकाना हिरवा, बाहेर गेला की लाल. तो तक्ता मी स्वतः बसवला होता. काय मिरवायचे मी तो! घरी आईलासुद्धा प्रिंट काढून दाखवला होता. ती म्हणाली, "रंग छान आहेत."

वीटकामाची टोळी नांदेडकडची होती. मजूर आमच्या बांधकाम कंपनीच्या रोजावर, राहायला साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत. मुकादम कमी बोलणारा माणूस होता. त्याची बायको टोळीतच माल कालवायची. मस्टरमध्ये तिच्या नावापुढे एक दिवस पूर्ण, एक दिवस अर्धा, पुन्हा पूर्ण, पुन्हा अर्धा, असं सारखं चाललेलं मला दिसलं. मी तिला गाठलंच. म्हटलं, "काय हो बाई, एक दिवसाआड झोप लागते का तुम्हाला?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पदराच्या गाठीतून एक कार्ड काढलं. टीबी. महापालिकेच्या दवाखान्यात एक दिवसाआड जायचं, तिथे समोर बसवून गोळ्या गिळायला लावत. सहा महिन्यांचा कोर्स होता आणि त्यातले दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

"ताई, कुनाला सांगू नका. लोकं जवळ बसू देणार न्हाईत," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हनली, मधीच सोडलं तर परत औषध लागू होनार न्हाई. म्हनून ह्यांनी ठरवलंय, बिल्डिंग होईस्तवर हितंच ऱ्हायाचं."

मला स्वतःची अशी लाज वाटली की काय सांगू. कुणाला सांगणार नाही, असं वचन मी तिला दिलं. त्या दिवसापासून तिचा अर्धा दिवस मी गुपचूप मांडायचे. कुणी विचारलं तर चांगलंच फाडून खायची माझी तयारी होती.

आमचे सुपरवायझर बिबवेवाडीहून यायचे, जुन्या बजाज स्कूटरवर. पन्नाशी उलटलेली. सगळे त्यांना काका म्हणत. बोलणं खास पुणेरी. माझा कॉम्प्युटर आला त्या दिवशी म्हणाले, "आता विटा हाच लावेल का? मग मी घरी जातो."

पावसाळा सरला तेव्हा वीटकामाचा रकाना लाल होऊ लागला. एक आठवडा, दुसरा, तिसरा. मस्टरवर माणसं पूर्ण, आणि काम मात्र ठरल्यापेक्षा कमी. आठवड्याला तीस घनमीटर ठरलेलं, काकांच्या कागदावर चोवीस, कधी तेवीस. म्हणजे घनमीटरमागे मजुरी बजेटच्या बरीच वर. मी काकांना विचारलं, "टोळी ढिली पडलीय का हो?"

"टोळी ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही तुमचे रंग भरा."

मुकादमाच्याही कानावर लाल रंगाची गोष्ट गेली असावी. एकदा दारात उभा राहून म्हणाला, "ताई, आमचं काम दिसंना का तुमाला? रोज दिस बुडंस्तवर लावतो की."

मी म्हटलं, "मला काकांनी लिहिलेलं दिसतं, दादा." तो मान हलवून गेला.

चौथा लाल आठवडा झाला आणि सोमवारी सकाळीच साहेबांचा फोन आला. टोळी बदला. दुसरा मुकादम तयार आहे, बुधवारी येईल. मी काकांना निरोप दिला तेव्हा ते पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, फोन करतील, भांडतील. "या शनिवारपर्यंत थांबले असते तर," एवढंच ते पुटपुटले आणि वर निघून गेले.

मंगळवारी संध्याकाळी टेम्पो आला. भांडी, गोधड्या, थापी-ओळंबे, एक सायकल. मुकादमाची बायको चढताना माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "धरनाकडं. खडकवासला. तिकडं बंगल्याचं काम हाय म्हनं." दवाखान्याचं विचारलं तर तिने नुसती मान हलवली. तिला वचन दिलं होतं म्हणून मी कुणाजवळ काही बोलले नव्हते, आणि आता बोलून उपयोग नव्हता.

शनिवारी काकांनी नव्या टोळीच्या आठवड्याचा कागद आणून ठेवला. मी मस्टर भरलं, मग वीटकामाचा आकडा टाकायला गेले आणि थांबले. नवी टोळी बुधवारी आलेली. चार दिवसांत, मचाण बांधण्यापासून सुरुवात, आणि वीटकाम पन्नासच्या वर. रकाना हिरवागार. मी कागद घेऊन तडक वर गेले.

"काका, ही माणसं आहेत की भुतं?"

ते विटांच्या थप्पीवर बसले. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. मग जे सांगितलं ते ऐकून मला आधी कळेचना की ओरडावं की रडावं.

चांगल्या आठवड्यात झालेलं सगळं काम काका लिहायचेच नाहीत. थोडं खिशात ठेवायचे. विटांची गाडी आली नाही, पाणी आलं नाही, माणसं गावाला गेली, की त्या वाईट आठवड्यात खिशातलं बाहेर काढायचं. म्हणजे वरून कुणी टोळीला बोलत नाही, सुपरवायझरलाही बोलत नाही. त्यांच्या गुरूने त्यांना असंच शिकवलं होतं आणि उभ्या जन्मात कुणाचं वाईट झालं नव्हतं. सॉफ्टवेअर कंपनीकडचं बिल मजला पुरा झाल्यावर निघायचं, त्यामुळे अर्ध्या मजल्यावरच्या भिंतींना कुणी टेप लावत नसे. दिवाळीत निम्मी टोळी गावाला जाणार म्हणून यंदा त्यांनी चार आठवडे जरा जास्तच राखून ठेवलं होतं.

"मस्टर आणि प्रगती कुणी शेजारी मांडत नव्हतं हो आजवर," ते म्हणाले. "काम राखलं तरी माणसं पूर्ण दिसतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाल वाढत गेलं तेव्हा उमगलं. वाटलं होतं, या शनिवारी टाकू सगळं, होईल हिरवं. साहेबांनी वेळच दिला नाही."

"सोमवारी का नाही बोललात?"

"घाबरलो. पेन्शन नाही मला, मॅडम. आणि आता नवी टोळी यंदाची दिवाळी इथेच करणार, म्हणजे राखायचं कारणच उरलं नाही. कुणी मोजायच्या आत खिसा रिकामा करून टाकावा म्हटलं."

"म्हणजे त्यांच्या भिंती ह्यांच्या नावावर!"

मग मी वचन मोडलं आणि मुकादमाच्या बायकोचं सगळं सांगितलं. कार्ड, एक दिवसाआडचे अर्धे दिवस, मधेच सोडलं तर काय होतं ते. काका ऐकत राहिले. खाली मिक्सर चालू होता. मग त्यांनी विचारलं, "आज तिचा दिवस आहे का?" मी म्हटलं, "काल होता."

सोमवारी साहेब आले. तक्ता मी अजून पूर्ण केलाच नव्हता, पण काकांचा कागद त्यांनी टेबलावरून उचलला आणि खूश झाले. "बघितलंत? टोळी बदलल्याबरोबर फरक. आकडे खोटं बोलत नाहीत."

काका उभे राहिले. "आकडे मी दिलेत, साहेब. ह्यातल्या चाळीस घनमीटरांच्या वर भिंती जुन्या टोळीच्या आहेत. मी राखून ठेवल्या होत्या. ते लोक कधीच मागे नव्हते. टेप आणा, कुठली भिंत कुठल्या आठवड्यात झाली ते दाखवतो."

आम्ही मोजलं. टेपचं एक टोक काकांच्या हातात, दुसरं माझ्या, आणि साहेब वहीत लिहीत होते. पाचही आठवडे मी नव्याने मांडले तेव्हा जुन्या टोळीचा एकही आठवडा लाल निघाला नाही. "काढूनच टाकायला हवं तुम्हाला," साहेब काकांना म्हणाले, "पण काम कुणाला येतंय?" काकांची वर्षाची पगारवाढ गेली. टोळीला परत बोलवायला साहेबांची हरकत नव्हती.

काका त्याच दुपारी खडकवासल्याला गेले. मुकादमाने नव्या कामावर उचल घेतली होती आणि ती फिटेपर्यंत त्याला हलता येत नव्हतं. बायकोचे दोन डोस चुकले होते. इकडचा दवाखाना दोन बस बदलून, तिकडच्या सरकारी दवाखान्यात कागद जायला वेळ लागणार, आणि एवढा रोज बुडवायला नवा सुपरवायझर तयार नव्हता. काका परत आले ते थेट आमच्या इथल्या दवाखान्यात गेले. घरच्या माणसाच्या हाती औषध सोपवत नसत, पण बाहेरचा कुणी जबाबदार माणूस समोर उभा राहून गोळ्या देणार असेल तर चालायचं. काकांनी सही केली आणि तिच्या नावाचा गोळ्यांचा डबा ताब्यात घेतला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, स्टाफच्या हजेरीत मला एक दिवसाआड अर्धा मांडा. पगारही तसाच कापा."

"काका, तासाभराचा उशीर मी सांभाळून घेईन की."

"नको. राखून ठेवायचं पुरे झालं आता," ते म्हणाले.

मग तसंच चाललं. बिबवेवाडीहून धरणाकडे, धरणाकडून बाणेरला, एक दिवसाआड, सगळी थंडीभर. स्कूटरची किक दोनदा तुटली. साहेबांनी एकदा हजेरी बघून विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, "दवाखाना आहे त्यांचा." त्यांनी पुढे विचारलं नाही.

उन्हाळा लागता लागता एका सोमवारी, त्यांच्या अर्ध्या दिवशी, काका आठच्या ठोक्याला हजर झाले. मी धास्तावले. म्हटलं, "काका, काय झालं? गेला नाहीत?"

त्यांनी पिशवीतून रिकामा डबा काढला आणि माझ्या मस्टरशेजारी ठेवला. "संपला. डॉक्टरीणबाईंनी थुंकी तपासली, बरी आहे म्हणाल्या. तिने तुम्हाला सांगायला सांगितलंय." मग खुर्ची ओढून बसले आणि चहा मागवला.

मी मस्टर पुढे ओढलं आणि त्यांच्या नावासमोर पूर्ण दिवस मांडला.