पाठीवर वाचता येईल असं काही

जिल्ह्यातल्या कॉलेजांचा महोत्सव त्या वर्षी आमच्या कॉलेजात होणार होता. गर्दीत स्वयंसेवक चटकन ओळखता यावेत म्हणून त्यांना टी-शर्ट द्यायचे ठरले आणि त्यावर काय छापायचं ते बघायला सरांनी तिघांना बसवलं. एक मी, दुसरी माझी गाववाली मैत्रीण, जिच्या हातात चित्रकला होती, आणि तिसरा कॉलेजचा सेक्रेटरी. तो शेवटच्या वर्षाला होता. घरचे ख्रिस्ती, अर्धे नातेवाईक गोव्यात. बोलायला गोड. मला तो पहिल्यापासून खटकायचा, कारण काय ते मात्र सांगता आलं नसतं.

आमचं घर मासळीवर चालायचं. बाबा लिलावाला जाताना मला कधीकधी घेऊन जायचे. ओरडून बोली लावणाऱ्याची भीती नसायची. टोपल्यापासून लांब उभा राहून काहीच न बोलणाऱ्याकडे ते आधी बघायचे. ती सवय मलाही लागली असावी.

पहिल्या बैठकीत मैत्रिणीने तिचं चित्र टेबलावर ठेवलं. किल्ल्याचा तट, त्यामागे मावळता सूर्य, पुढे होडी. निळा, केशरी, लाल आणि काळा असे चार रंग. खाली केशरी अक्षरांत महोत्सवाचं नाव. पांढऱ्या टी-शर्टवर छापायचं. खरंच सुंदर होतं ते. सरांनी त्यांच्या आवडीचं एक आणलं होतं: कॉलेजचं गोल बोधचिन्ह, त्याभोवती वर्तुळात लिहिलेला मजकूर, लाल आणि काळा. सेक्रेटरीचं सगळ्यात साधं. पिवळा टी-शर्ट, पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत गडद निळ्या अक्षरांत ‘स्वयंसेवक’. बस.

"म्हापशाक माझो काको छापता," तो म्हणाला. "आपल्याक सवलत देतलो."

मी मैत्रिणीकडे बघितलं. तिनेही बघितलं. काका छापणार, पुतण्या ठरवणार. पण मग मला एक गोष्ट उमगेना. छपाईत प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी, शाई दाबायची जाळीची फ्रेम वेगळी. एक रंग दाबायचा, सुकवायचा, मग दुसरा. म्हणजे चार रंग म्हणजे चार फ्रेमचा खर्च आणि चौपट काम. टी-शर्ट गडद असला तर खाली आधी पांढरा थर, ती आणखी एक फ्रेम. काकाचा फायदा बघायचा तर त्याने चार रंगांचं चित्र उचलून धरायला हवं होतं. आणि हा तर एका रंगासाठी भांडत होता.

"बघा, किती खर्च वाचता," तो सरांना सांगत होता.

स्वतःच्या माणसाचं नुकसान करून कॉलेजचे पैसे वाचवणारा मुलगा मी तोवर बघितला नव्हता. माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

सर म्हणाले, कागदावर बघून निर्णय घ्यायचा नाही, अंगावर घालून बघा. चार फ्रेम नुसत्या नमुन्यासाठी बनवणं परवडणारं नव्हतं. मैत्रिणीने कापडाच्या रंगांनी स्वतःच पांढऱ्या टी-शर्टवर चित्र रंगवलं, सरांचं बोधचिन्हही दुसऱ्या पांढऱ्या टी-शर्टवर तिनेच काढून दिलं. सेक्रेटरीने काकाकडून खरा छापलेला एक पिवळा मागवला.

दुपार टळल्यावर आम्ही मैदानात गेलो. सेक्रेटरीने तिघा मुलांना टी-शर्ट घालायला लावले आणि मैदानाच्या वेगवेगळ्या टोकांना नेऊन उभे केले. आम्ही मधून वाचायचं. पिवळा लगेच वाचता आला. सरांच्या टी-शर्टवर एक लाल ठिपका दिसला. मैत्रिणीचं चित्र तर दिसलंच नाही, नुसता काळपट डाग.

"झाला काम," सेक्रेटरी म्हणाला.

मी डोळ्यांवर हात धरून उभी होते, आणि त्या हातामुळेच माझ्या लक्षात आलं. मैत्रिणीचा टी-शर्ट घातलेला मुलगा पश्चिमेला होता. सूर्य बरोबर त्याच्या मागे. पिवळ्या टी-शर्टवाला दुसऱ्या टोकाला, सूर्य त्याच्या अंगावर.

"तेका थय कोणी उभो केल्यान?" मी विचारलं.

"मीच. कित्याक?"

"सूर्य बघ."

त्याने वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, आणि तेच मला जास्त खुपलं. "लक्षात नाय इला," तो म्हणाला. "परत करूया."

 परतीच्या एसटीत मैत्रीण म्हणाली, "तेका माझा चित्र नको आसा." मी म्हटलं, का ते शोधून काढते.

पिवळा टी-शर्ट ज्या पिशवीतून आला होता तिच्यावर काकाच्या दुकानाचा फोन नंबर छापलेला होता. दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या एसटीडी बूथवर गेले. गिऱ्हाईक असल्याचं भासवून होडीचं चित्र असलेल्या चार रंगांच्या टी-शर्टचा भाव विचारला. पलीकडचा माणूस खोकला आणि कोकणीत म्हणाला, चार रंग आमच्याकडे होत नाहीत बाय. एक, फार तर दोन. चार रंग एकमेकांवर नीट बसवायला वेगळं टेबल लागतं, नाहीतर होडीचं शीड होडीच्या बाहेर जातं. तुम्ही कोल्हापूरला बघा.

मी रिसीव्हर ठेवला. आता सगळं जुळलं. चार रंगांचं चित्र निवडलं की काम काकाच्या हातून जाणार. म्हणून एक रंग, म्हणून खर्चाची काळजी, म्हणून तो सूर्य. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. संशय खरा निघाला की माणसाला एक प्रकारचा दिलासा मिळतो.

पण बूथच्या पायऱ्या उतरतानाच दुसरा विचार आला. त्याचा स्वार्थ सिद्ध झाला, पण त्याचा टी-शर्ट वाईट आहे हे कुठे सिद्ध झालं?

मी सरांना काही सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की या वेळी तपासणी मी लावणार. सकाळी, कॉलेजच्या लांब व्हरांड्यात, जिथे उजेड सगळीकडे सारखा. एकच मुलगा तिन्ही टी-शर्ट आळीपाळीने घालणार आणि एकाच खांबापाशी उभा राहणार. नंतर तेच एका जाडजूड मुलावर. वाचणाऱ्या दोन मुली पहिल्या वर्षाच्या, त्यांना कुणाचं कुठलं ते माहीत नव्हतं. सेक्रेटरीला मी वाचनालयात बसवून ठेवलं. तो हसत गेला.

मला मनातून मैत्रिणीचं चित्र जिंकायला हवं होतं. मुलगा तिचा टी-शर्ट घालून खांबापाशी उभा राहिला. मुली म्हणाल्या, काहीतरी चित्र आहे, डोंगर असेल. केशरी अक्षरं पांढऱ्यावर विरून गेली होती. जवळ आल्यावर किल्ला कळला, पण मुलगा खाली बसला तशी पोटापाशी कापडाला घडी पडली आणि महोत्सवाचं नाव त्या घडीत गेलं. जाड्या मुलाच्या अंगावर होडी ताणून आडवी झाली. सरांचं वर्तुळातलं लिखाण वाचायला एक मुलगी मान वाकडी करू लागली, दुसरीने नाद सोडला.

मग पिवळा. गडद निळं लांबूनही उठून दिसत होतं. पण एक मुलगी अडखळली.

"यसेव," ती म्हणाली. "म्हणजे काय?"

मी जवळ जाऊन बघितलं. शब्द इतका रुंद छापला होता की बारीक मुलाच्या अंगावर पहिलं आणि शेवटचं अक्षर काखेत वळून गेलं होतं. ‘यं’वरचा अनुस्वार शाईने भरून शिरोरेषेला चिकटला होता. मैदानात आम्ही सगळ्यांनी तो बरोबर वाचला होता, कारण काय लिहिलंय ते आम्हाला आधीच ठाऊक होतं.

मी मैत्रिणीला शक्य तितक्या हळू सांगितलं. गडद एक रंग पिवळ्यावर, पाठीवरच, हे बरोबर आहे. शब्द मात्र बदलायला हवा.

ती टी-शर्टची घडी घालत होती. "तुका पण तेना पटवल्यान," ती म्हणाली.

"नाय गो. तेचा पण चुकला."

"मगे तीन अक्षरा लिही. मदत. काना नाय, मात्रा नाय, अनुस्वार नाय. मोठी लिही आणि काय ता करा." आणि ती तासाला निघून गेली.

रागात बोललेलं ते वाक्य मी वहीच्या मागे लिहून बघितलं. म, द, त. पाठीच्या मधोमध मावणारं, काखेत न जाणारं. ज्याला गरज आहे त्याला ‘स्वयंसेवक’पेक्षा लवकर कळणारं.

वाचनालयात सेक्रेटरी वर्तमानपत्र चाळत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि फोनवर काय ऐकलं ते सांगितलं.

"तुझ्या काकाकडे चार रंग होतच नाय. म्हणान तुका एक रंग व्हयो होतो."

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "व्हय," तो म्हणाला. "पण एक रंगच बरो दिसता, ता खोटा आसा?"

"नाय."

"मगे?"

"मगे काय ते आधी सांगूक व्हया होता."

"सांगलं असतंय तर कोणी माझा ऐकला असता?" त्याने खिडकीबाहेर बघितलं. "काकान् माका दोन वर्सां घरात ठेवल्यान. तेका काम मिळाला तर बरा, इतक्याच." आणि वर्तमानपत्राची घडी घालत, "सूर्याचा मात्र मी मुद्दाम करूक नाय."

त्यावर मी विश्वास ठेवला की नाही, मला अजून सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं की छपाई एका रंगाची, शब्द ‘मदत’, आणि भाव कुडाळलाही विचारायचा. कुडाळवाल्याचा भाव थोडा कमी आला. काम तिकडे गेलं. सेक्रेटरीने सरांसमोर मान डोलावली आणि गठ्ठे आणायला तोच कुडाळला गेला. आल्यावर मी एकेक टी-शर्ट उलगडून बघितला. तो बाजूला उभा राहून बघू देत होता.

महोत्सवाच्या दिवशी मैदान भरून गेलं. दुपारी विजयदुर्गाकडून आलेला एक वयस्कर माणूस, एका स्पर्धक मुलीचे वडील, गर्दीच्या पलीकडून सरळ माझ्या दिशेने चालत आला. माझी पाठ त्याच्याकडे होती. मुलगी चक्कर येऊन पडली होती. आम्ही तिला उचलून सावलीत नेलं, डॉक्टर बोलावले. उन्हानेच झालं होतं, संध्याकाळी ती नाचलीही. वडील मला म्हणाले, "लांबसून वाचलंय, म्हणान इलंय." मी त्यांना सांगितलं, हा शब्द माझा नाही, माझ्या मैत्रिणीचा.

मैत्रिणीला ते सांगायला गेले तर ती म्हणाली, बरं झालं. टी-शर्ट तिनेही घातला होता. पण तिचं चित्र मी मुद्दाम पाडलं, सेक्रेटरीचं आणि माझं आधीच ठरलेलं होतं, असं तिच्या मनात बसलं ते बसलं. मी त्याला वाचनालयात एकटीच भेटायला गेले होते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. काय बोललो ते ऐकून घ्यायला ती तयार नव्हती. एसटीत आम्ही शेजारीच बसायचो, पण ती खिडकीबाहेर बघायची.

तिच्या लग्नात मी गेले होते. तिच्या घरच्या दिवाणखान्यात तो किल्ला आणि होडी चौकटीत लावलेली होती, चारही रंगांत, आणि भिंतीपाशी उभं राहून बघितलं तर फार छान दिसत होती. मी तसं म्हटलं. तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं, मी खरं बोलतेय का ते तपासावं तसं, आणि पाहुण्यांना बघायला आत गेली.